घटस्फोटानंतर दुसरे लग्न?

तीन धर्मांतला खरा फरक या प्रश्नावर दिसतो. इस्लाममध्ये निकाह हा करार. नवऱ्याने तलाक दिल्यावर स्त्रीने साधारण तीन मासिक पाळ्यांची इद्दत पाळायची, गरोदर असल्यास बाळंत होईपर्यंत. दिलेला मेहर नवऱ्याने परत मागायचा नाही. इद्दत संपली की ती दुसरा निकाह करू शकते.

कॅथलिक चर्च मात्र कोर्टाने घटस्फोट दिला तरी लग्न टिकून आहे असेच मानते. चर्चच्या न्यायालयाने ते मुळातच अवैध ठरवले, तरच जोडीदार हयात असताना चर्चमध्ये दुसरे लग्न होते.

हिंदू परंपरेने विवाहाला संस्कार मानले. तरीही महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते; १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कितीतरी आधी. घटस्फोटितेला धर्माच्या नावाने अडवणाऱ्यांनी ही जुनी रीत आठवावी.