जीन्सचा निळा, सोफ्याचा पांढरा

नवी गडद निळी जीन्स घालून कुणी पांढऱ्या सोफ्यावर पिक्चरभर बसलं, की उठल्यावर बैठकीच्या पुढच्या कडेला निळसर पट्टा दिसतो. हात टेकायच्या जागी खिशाजवळचा भाग घासला असेल तर तिथेही. घरातलं माणूस लगेच ओलं फडकं घेऊन खसाखसा पुसायला लागतं आणि पट्टा पसरतो. हा डाग चहा-हळदीच्या डागासारखा नसतो, म्हणून त्यांचे उपाय इथे उलटतात. रंग कापडावर कसा बसलाय हे एकदा कळलं, की काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे आपोआप सुचतं.

जीन्सचा निळा म्हणजे इंडिगो. पूर्वी तो नीळीच्या झुडपापासून काढत, १८९७ पासून जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेला इंडिगो विकायला सुरुवात केली आणि आजची जवळजवळ सगळी जीन्स त्याच कृत्रिम इंडिगोने रंगते. हा रंग पाण्यात विरघळत नाही. मग तो सुतात शिरतो कसा? रंगाऱ्यांची युक्ती अशी की सोडियम हायड्रोसल्फाइट या रसायनाने, क्षार घातलेल्या पाण्यात, इंडिगोचं रूप तात्पुरतं बदलायचं. या रूपात तो पिवळट-हिरवा होतो आणि विरघळतो. सुताचे दोरखंड या कुंडात बुडवून वर काढले, की हवेतला प्राणवायू लागून रंग पुन्हा निळा होतो आणि पुन्हा न विरघळणारा होतो. आपल्याकडे यवतमाळला डेनिमचा मोठा कारखाना आहे. जगातल्या अशा बहुतेक कारखान्यांत हेच चालतं: बुडवा, हवेत काढा, पुन्हा बुडवा. गडद छटेसाठी हे सहा-आठ वेळा करावं लागतं, कारण इंडिगोला सुताची ओढ फार कमी. प्रत्येक बुडीत थोडाच रंग बसतो, आणि तोही धाग्याच्या बाहेरच्या थरात. गाभा पांढराच राहतो. काही महिन्यांनी गुडघ्यावर जीन्स फिकी पडते ती याच कारणाने, आणि लोकांना ती आवडते तीही याच कारणाने.

नव्या गडद जीन्सच्या धाग्यावर इंडिगोचे असंख्य सूक्ष्म कण नुसते चिकटून बसलेले असतात. ते रसायनाने बांधलेले नसतात, फळ्यावरच्या खडूसारखे वर बसलेले असतात. कोरडं घर्षण झालं की ते निघतात. कापड दमट असेल तर जास्त निघतात. म्हणून पावसाळ्यात भिजलेल्या जीन्सने, किंवा मे महिन्यात घामाने ओल्या झालेल्या मांडीने सोफ्याचं जास्त नुकसान होतं. कापड-उद्योगात हे मोजायचं एक यंत्र असतं. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठरावीक दाबाने नमुन्यावर १० वेळा पुढेमागे घासतात, एकदा कोरडा आणि एकदा ओला, आणि त्यावर आलेला रंग १ ते ५ या राखाडी पट्टीशी ताडून पाहतात. ५ म्हणजे जराही रंग उतरला नाही. गडद डेनिमची ओली चाचणी बऱ्याचदा १-२च्या आसपासच राहते, आणि बाजारात ते चालवून घेतलं जातं. हा दोष एखाद्या स्वस्त दुकानाचा नाही, रंगाच्या स्वभावाचाच आहे. महागड्या, मुद्दाम न धुतलेल्या जीन्समध्ये तर तो जास्तच असतो.

आता एक घडलेली गोष्ट. डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या घरी जाड सुती कापडाचे, चेन लावून काढता येणारे, मोतिया रंगाचे सोफा-कव्हर होते. पाहुणा मुलगा नवी जीन्स घालून दोन दिवस बसला आणि बैठकीची कड निळी झाली. त्या घरच्या काकूंनी आधीच ओल्या कापडाने एक कोपरा पुसून पाहिला होता, आणि तोच कोपरा पुढे सर्वांत जास्त त्रास देणारा ठरला.

पहिली पायरी अगदी कोरडी. कव्हर सोफ्यावर असतानाच व्हॅक्युम क्लीनरची मऊ ब्रशची नळी फिरवली. घरात तो नसेल तर कपडे झटकायचा मऊ ब्रश एकाच दिशेने, हलक्या हाताने. नंतर कोरडं पांढरं फडकं दाबून उचलायचं, घासायचं नाही. फडक्यावर निळं येत असेपर्यंत त्याची बाजू बदलत राहायचं. निम्मा डाग इथेच हलका होतो, कारण कण अजून सैल असतात.

दुसरी पायरी साबणाची. कव्हर उलटं करून डागाच्या मागून कोमट पाण्याची धार सोडली, म्हणजे कण आत न जाता बाहेर ढकलले जातात. मग लिक्विड डिटर्जंटचे काही थेंब डागावर टाकून बोटांनी चेपलं, दहा मिनिटं ठेवलं आणि भरपूर पाण्यात खळबळलं. साबण इंडिगोला विरघळवत नाही, कणांभोवती आवरण तयार करून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतो. म्हणून पाणी भरपूर हवं. थोड्या पाण्यात घासलं तर तेच कण पुन्हा कापडावर बसतात आणि अख्खं कव्हर फिकट आकाशी होतं. मशीनमध्ये जीन्सबरोबर पांढरा शर्ट पडला की हेच घडतं. अशा वेळी शर्ट वाळू न देता लगेच एकट्याने पुन्हा धुवावा. मोतिया कापडाला आणखी एक जपणूक लागते. बऱ्याच पावडरींत कापड झळाळवणारं द्रव्य असतं, त्यामुळे फक्त डागाची जागा धुतली तर तिथे पांढरंफेक चकतं उठून दिसतं. काकूंनी म्हणून अख्खा तुकडाच धुतला.

इतक्यावर कड बरीच उजळली, पण विणीत एक सावली उरलीच. तिसरी पायरी ऑक्सिजन ब्लीचची, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग घालवणारी पावडर. पाकिटावरच्या प्रमाणात, साधारण बादलीभर गरम पाण्याला दोन मोठे चमचे. पाणी हाताला चांगलं गरम लागेल इतकं, कारण थंड पाण्यात ही पावडर आळशी असते. कव्हर त्यात रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी सावली बहुतेक गेली होती. काकूंनी ओल्या फडक्याने घासलेला कोपरा मात्र तसाच. तिथे कण धाग्यांच्या आत दाबले गेले होते.

त्या कोपऱ्यासाठी रंग विकणाऱ्या दुकानात मिळणारी ‘रंगकाट’ आणली. रंगारी तिला हायड्रो म्हणतात. ती म्हणजे जीन्स रंगवताना वापरतात तेच सोडियम हायड्रोसल्फाइट. ज्या रसायनाने इंडिगो सुतात शिरला त्यानेच तो बाहेर पडतो, हे मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं. त्याने इंडिगो पुन्हा पिवळट, विरघळणाऱ्या रूपात जातो आणि पाण्यात उतरतो. पण हवा लागताच तो परत निळा होतो. म्हणून कापड अर्धवट वर काढून पाहायचा मोह टाळायचा. स्टीलच्या भांड्यात पाच लिटर चांगलं गरम पाणी, त्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, मग एक मोठा चमचा हायड्रो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीच ओतायचं नाही, कारण थोडक्या पाण्याने ती तापून धुमसू शकते. हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या, कारण गंधकासारखा उग्र वास येतो. कापड पाण्याखालीच काठीने हलवत दहा-पंधरा मिनिटं ठेवलं. मग भांड्यात नळाचं पाणी सोडून आतलं पाणी वाहून जाऊ दिलं, आणि ते स्वच्छ झाल्यावरच कव्हर बाहेर काढलं. कोपरा मोतिया झाला. कडेच्या दुहेरी शिवणीत थोडा निळा राहिला, तो राहू दिला.

हायड्रो बाकीचे रंगही काढतं. कव्हरला रंगीत पाइपिंग किंवा छापील फूल असेल तर ही पायरी वगळावी. शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून आधी पाहणं तर हवंच.

क्लोरीनच्या द्रव ब्लीचचं काय? शुद्ध पांढऱ्या सुतावर ते इंडिगोला खरंच फोडतं. चार लिटर पाण्याला पाव कप आणि पाचच मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पण कापडात लायक्रा, लोकर किंवा रेशीम असेल तर धागा खराब होतो, आणि मोतिया कापडावर पांढरे चट्टे पडतात. शौचालयाच्या ॲसिडबरोबर किंवा हायड्रोबरोबर ते कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघू शकतात.

पॉलिस्टरच्या मखमली सोफ्यावर रंग पडला तर कोरडी पायरी आणि साबणाचा फेस इतकंच करावं आणि इस्त्री किंवा ड्रायरची उष्णता मुळीच दाखवू नये. उष्णतेने इंडिगो पॉलिस्टरच्या धाग्याच्या आत शिरतो आणि मग तो निघणं जवळजवळ अशक्य होतं. रेक्झिनवर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पुसलं तर निघतो. आठवडे गेले की रंग प्लास्टिकच्या थरात मुरतो. तेव्हा कितीही चोळलं तरी वरचा थर झिजेल, निळा जाणार नाही. घरात हलक्या रंगाचं रेक्झिन असेल तर मी नवी जीन्स तिथे बसूच देत नाही.

जीन्सचा रंग मीठ, तुरटी किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ‘पक्का’ होतो, असं घरोघरी सांगतात. इंडिगोवर यांतलं काही चालत नाही. मिठाचा उपयोग दुसऱ्या जातीचे रंग सुतावर चढवताना होतो, आणि चढून झालेला, वर चिकटलेला इंडिगो मिठाने बांधला जात नाही. उपाय एकच, सैल कण आधीच काढून टाकणं. जीन्स उलटी करून, एकटीच, भरपूर थंड पाण्यात आणि थोड्या डिटर्जंटमध्ये तीन-चार वेळा धुवावी. प्रत्येक धुण्याचं पाणी आधीपेक्षा कमी निळं दिसतं. मग मांडीवर ओला पांढरा रुमाल १० वेळा जोरात घासून पाहावा, कारखान्यातल्या चाचणीचीच ही घरगुती आवृत्ती. रुमाल अजून निळा होत असेल तर सोफ्यावर गडद चादर टाकावी आणि जीन्स पुन्हा धुवावी.