सहा पडेपर्यंत किती वेळा?

ल्युडोच्या पटावर सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. सहासाठी फासा सरासरी किती वेळा टाकावा लागेल, याचे उत्तर बहुतेक जण अंदाजाने ‘सहा वेळा’ असे देतात आणि ते बरोबरही असते. पण का बरोबर, हे चटकन सांगता येत नाही. प्रत्येक वेळी यशाची शक्यता तीच, प्रत्येक प्रयत्न आधीच्यापासून स्वतंत्र आणि पहिले यश मिळताच थांबायचे, अशा परिस्थितीत लागणाऱ्या प्रयत्नांच्या संख्येला संभाव्यताशास्त्रात भूमितीय वितरण म्हणतात.

एका प्रयत्नात यश येण्याची शक्यता p आणि अपयशाची q धरू. म्हणजे q = १ − p. फाशाच्या बाबतीत p = १/६ आणि q = ५/६. पहिले यश नेमके k-व्या प्रयत्नात यायचे, तर आधीचे k − १ प्रयत्न फुकट जायला हवेत. म्हणून त्याची शक्यता q^(k−१) × p. सरासरी काढण्याची सरळ रीत म्हणजे प्रत्येक k ला त्याच्या शक्यतेने गुणून सगळ्याची बेरीज करणे. ही बेरीज करता येते, पण किचकट आहे. त्यापेक्षा एकूण टाकींची संख्या दुसऱ्या बाजूने मोजलेली बरी.

फासा पहिल्यांदा तर टाकावाच लागतो, म्हणून त्याची नोंद १. दुसऱ्यांदा टाकण्याची वेळ पहिला फुकट गेला तरच येते, म्हणजे ५/६ शक्यतेने. तिसऱ्यांदा टाकायची वेळ येण्याची शक्यता २५/३६, चौथ्यांदा १२५/२१६. या साऱ्यांची बेरीज हीच अपेक्षित संख्या E:

E = १ + q + q² + q³ + …

ही शाळेत शिकवलेली अनंत भूमितीय श्रेढी आहे. तिची बेरीज १/(१ − q), म्हणजेच १/p. फाशासाठी उत्तर ६. यातली एक गोष्ट डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. पहिल्या सहा पदांची बेरीज जेमतेम ४ भरते. उरलेले २ पुढच्या न संपणाऱ्या शेपटातून येतात, म्हणजे क्वचित घडणाऱ्या पण लांबलेल्या खेळांतून.

हेच उत्तर एका ओळीतही मिळते. पहिली टाक झाली की एक प्रयत्न खर्ची पडला. सहा पडले तर काम संपले. नाही पडले, तर फाशाला मागचे काही आठवत नसल्यामुळे खेळाडू पुन्हा होता तिथेच उभा असतो आणि त्याला आणखी सरासरी E टाकी लागणार असतात. म्हणून E = १ + qE. यावरून E(१ − q) = १, म्हणजे E = १/p. रीत देखणी आहे, पण E ही सांत संख्या आहे हे तिने गृहीत धरले आहे. p शून्य असेल तर समीकरण E = १ + E असे होते, आणि कोणतीही सांत संख्या ते पाळू शकत नाही. श्रेढीच्या रीतीत ही शंका उरत नाही.

सरासरी ६ म्हणजे सहाव्या टाकीला सहा येतेच, असे मात्र नाही. पहिल्या सहा टाकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता (५/६)^६, सुमारे ३३ टक्के आहे. उलट चार टाकींत निदान एक सहा पडण्याची शक्यता ६७१/१२९६, म्हणजे जवळजवळ ५२ टक्के. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये शव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाने याच पैजेविषयी प्रश्न विचारल्याचे प्रसिद्ध आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात झालेल्या पत्रव्यवहारातही त्याचा उल्लेख येतो. थोडक्यात, निम्म्याहून अधिक खेळाडू चौथ्या टाकीपर्यंतच मोकळे होतात आणि रखडलेले थोडे जण सरासरी सहापर्यंत ओढतात. दहा टाकी वाया गेलेल्या खेळाडूलाही तिथून पुढे सरासरी सहाच लागतात. ‘आता तर पडायलाच हवे’ या भरवशाला गणितात जागा नाही.

सूत्र वापरताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. काही पुस्तके यशापूर्वीची फक्त अपयशे मोजतात, तेव्हा उत्तर १/p − १, म्हणजे फाशासाठी ५ येते. दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. सहा किल्ल्यांपैकी एकच कुलपाला लागत असेल आणि न लागलेली किल्ली बाजूला ठेवत गेले, तर शक्यता १/६ वरून १/५, १/४ अशी वाढत जाते आणि प्रयत्न स्वतंत्र राहत नाहीत. योग्य किल्ली पहिल्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंत कुठेही सारख्याच शक्यतेने असते, म्हणून तिथे सरासरी साडेतीन प्रयत्न लागतात. किल्ल्या परत जुडग्यात टाकून न पाहता काढल्या, तरच उत्तर सहा येते.