पुढचा आधी, मागचा नंतर

तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत हे काम नेहमीचं. घरात कोणी गेलं की माणसं कपाटातला जुना फोटो घेऊन येतात आणि सांगतात, "यातले फक्त आजोबा काढून द्या." फोटोत आजोबा-आजी शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून बसलेले. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला आजोबा हवेत, आणि कधी कधी "आजींचाही वेगळा करून ठेवा" अशी पुरवणी असते. डिझायनरच्या बोलीत याला 'कटिंग' म्हणतात.

दोन माणसं सुटी उभी असतील तर कटिंग सोपं. ती एकमेकांवर आलेली असली की मधली कड कोणाची, हे आधी ठरवावं लागतं. ती कड नेहमी पुढच्या माणसाची असते. मागचा माणूस तिथे संपत नाही, फक्त दिसेनासा होतो. आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यातली सामाईक रेघ आपला डोळा आकृतीला देऊन टाकतो, हे डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ साली मांडलं. फुलदाणी की दोन चेहरे, असा पेच पाडणारं त्यांचं चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं.

पुढे कोण, हे बहुतेकदा उघड दिसतं. जुन्या, फिकट पडलेल्या फोटोत मात्र शोधावं लागतं. अशा वेळी रेघा जिथे भेटतात तिथे झूम करून पाहायचं. आजोबांच्या खांद्याची रेघ खाली उतरते आणि आजींच्या ब्लाउजच्या बाहीपाशी येऊन तुटते. बाहीची रेघ मात्र न तुटता पुढे जाते. जिची रेघ अखंड, ती व्यक्ती पुढे. इथे आजी पुढे आहेत.

म्हणून कटिंगची सुरुवात आजींपासून, मागणी आजोबांची असली तरी. पेन टूलने आजींभोवती पाथ घ्यायचा, त्याचं सिलेक्शन करायचं, कड किंचित, म्हणजे अर्धा ते एक पिक्सेल, मऊ ठेवायची आणि लेयर मास्क लावायचा. खोडरबर वापरायचा नाही. मास्कमध्ये झाकलेलं परत आणता येतं, पुसलेलं येत नाही. आजी पूर्ण मिळाल्या. मग मूळ फोटोच्या दुसऱ्या प्रतीवर आजोबांची बाहेरची कड घ्यायची आणि त्यातून आजींचं सिलेक्शन वजा करायचं. मधली रेघ दुसऱ्यांदा काढावी लागत नाही. फक्त वजा करताना सिलेक्शन एखाद-दोन पिक्सेल फुगवून घ्यावं, नाहीतर आजोबांच्या पांढऱ्या शर्टाला आजींच्या बाहीची बारीक रंगीत किनार चिकटून राहते. खाली भडक हिरवा लेयर ठेवला की तपासणीत ती लगेच दिसते.

फोटोशॉपमधलं 'सिलेक्ट सब्जेक्ट' इथे अनेकदा दोघांना मिळून एकच गठ्ठा समजतं. मग ऑब्जेक्ट सिलेक्शन टूलने एकाभोवतीच चौकट ओढावी आणि दुसऱ्याचा आलेला भाग ऑल्ट दाबून वगळावा. काळ्या केसांमागे काळा कोट असेल तर मात्र यंत्रालाही कड सापडत नाही. तिथे ब्रश घेऊन हातानेच बटा रंगवाव्या लागतात.

खरी पंचाईत आता सुरू होते. आजोबांचा डावा खांदा आणि छातीचा थोडा भाग फोटोत नाहीच, मग तो आणायचा कुठून? घाईचा उपाय म्हणजे उजवा अर्धा भाग उलटवून डावीकडे चिकटवणं. पण पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो, तो गायब होतो, बटणपट्टी बिघडते, उजेड उजवीकडून असेल तर चेहऱ्यावर एका बाजूने आणि खांद्यावर दुसऱ्या बाजूने पडलेला दिसतो. आजोबा पुढे आणि आजी मागे असत्या, तर याच युक्तीने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर पदर आला असता! त्यापेक्षा फक्त खांद्याचा गोल आणि बाही उलटवून घ्यावी, उजेड-सावली हाताने जुळवावी आणि चौकट छातीच्या वर आणावी. उरलेलं नावाची पट्टी किंवा हार झाकतो. बॅनरवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती वाईट नाही.

आजींची सावली आजोबांच्या शर्टावर पडलेली असेल तर ती कटिंगबरोबर येतेच. आजी गेल्यावर ती डागासारखी दिसते, म्हणून तेवढाच भाग उजळावा लागतो.

पुढे-मागे हा हिशोब सगळ्या फोटोत एकसारखा चालतोच असं नाही. आजींनी आजोबांच्या हातात हात अडकवला असेल तर आजींचा दंड मागे आणि बोटं पुढे, असा गुंता होतो. तेव्हा क्रम जागोजागी वेगळा ठरवायचा: बोटं आजींच्या कटिंगमध्ये जातात, आणि आजोबांच्या बाहीवर तेवढ्याच आकाराची भोकं पडतात. ती शेजारच्या कापडाचा तुकडा क्लोन स्टॅम्पने आणून बुजतात. साध्या कापडावर हे जमतं, चौकड्यांच्या शर्टावर रेघा सरकतात. तसा शर्ट असला की अनुभवी डिझायनर संगणक उघडण्याआधीच विचारतो, "आजोबांचा एकट्याचा दुसरा फोटो आहे का? आधार कार्डावरचा सोडून."