१८७ क्लिप्स आणि एक आजी

ट्रिपहून आल्यावर पहिले दोन दिवस फॅमिली ग्रुपवर धो धो व्हिडिओ पडतात. मग कुणीतरी म्हणतं, 'अरे, याचं काहीतरी छान एडिट करून दे ना, तुला येतं ते!' घरात कॉलेजला जाणारे तुम्हीच, त्यामुळे काम तुमच्याच गळ्यात. तुम्ही सगळ्या क्लिप्स तारखेप्रमाणे लावता, वर एक हिट गाणं चढवता आणि १४ मिनिटांचा व्हिडिओ टीव्हीवर लावता. चौथ्या मिनिटाला काका फोन काढतात. सहाव्या मिनिटाला आवाज येतो, 'पुढे ढकल रे जरा.'

असं का होतं? तुम्हाला एडिटिंग येत नाही म्हणून नाही. ट्रिपचा क्रम म्हणजे गोष्ट नव्हे, म्हणून. निघालो, पोचलो, जेवलो, फिरलो, परत आलो यात पुढे काय होणार याची कुणाला उत्सुकता असणार? गोष्ट सुरू व्हायला एखादा प्रश्न पडावा लागतो आणि ती संपायला त्याच प्रश्नाचं उत्तर मिळावं लागतं. तो प्रश्न तुमच्या क्लिप्समध्ये बहुतेक वेळा असतोच, फक्त भलत्याच ठिकाणी दडलेला असतो.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा सांगलीचं नऊ जणांचं कुटुंब डिसेंबरात तीन दिवस मालवणला गेलं. चार फोन, १८७ क्लिप्स, एकूण दोन तास दहा मिनिटं. त्यात फोंडा घाट गाडीच्या काचेतून, रूमची 'टूर', सुरमईचं ताट, गाडीतल्या अंताक्षरी, धाकट्या भावाचं स्नॉर्कलिंग, सिंधुदुर्ग किल्ला आणि सूर्यास्त. सूर्यास्ताच्या तर तब्बल २३ क्लिप्स.

पहिलं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. क्लिप्स व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या व्हिडिओसारख्या मागवू नका. तिथे फाइल दाबली जाते, चित्र भुरकट होतं आणि `VID-20241229-WA0014.mp4` असं नाव घेऊन येते. त्यातली तारीख पाठवल्याची, शूटिंगची नव्हे. मग कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे शोधताना डोकं धरून बसायची पाळी येते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर सरळ केबल लावून फोनमधून घ्या. प्रत्येक फोनचं वेगळं फोल्डर करा.

आता सगळं बघायचं. हो, दोन तास दहा मिनिटं, एकाच बैठकीत, एडिटिंगचं अ‍ॅप न उघडता, हातात वही घेऊन. बघताना 'छान दिसतंय' असं लिहू नका. फक्त दोनच गोष्टी टिपा: कोण काय म्हणालं, आणि कुणाला काय हवं होतं किंवा नको होतं. सूर्यास्ताला काहीच नको असतं, त्यामुळे या वहीत त्याला जागा नाही.

आपल्या उदाहरणात वहीत सापडतं ते काकांच्या फोनमधल्या सात सेकंदांच्या क्लिपमध्ये. ती चुकून चालू झालेली. चित्रात मालवणच्या जेटीवरच्या चपला आणि कुणाची तरी पिशवी, बाकी काही नाही. पण आवाज आजीचा आहे. 'तुम्ही या जाऊन. मी इथंच बसते. होडीत काय मला जमायचं नाही.'

झालं, गोष्ट सुरू झाली. १८७ मधली दिसायला सगळ्यात वाईट क्लिप हीच तुमची सुरुवात आहे. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे, होडीशिवाय तिथे जाता येत नाही. म्हणजे आजीपुढे दोनच पर्याय आहेत, आणि हे बघणाऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सुरुवात मिळाली की लगेच टाइमलाइनवर उडी मारू नका. आधी शेवट शोधा. इथे तीन उमेदवार आहेत. एक, आजी किल्ल्याच्या तटाला हात लावून उभी आहे. दोन, रात्री जेवताना ती सगळ्यांना होडीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगतेय. तीन, परतीच्या होडीतली नऊ सेकंदं. जाताना आजी होडीच्या मधोमध, आत्याचा हात घट्ट धरून बसलेली. येताना ती कडेला बसलीय आणि तिचा हात बाहेर, तुषार झेलतोय. कुणी काही बोलत नाही.

किल्ल्यावरचा शॉट सगळ्यात भव्य आहे, म्हणून मोह होईल. पण प्रश्न किल्ल्याचा नव्हताच, होडीचा होता. त्यामुळे उत्तरही होडीतच मिळायला हवं. जेवणाचा प्रसंग मजेशीर आहे, पण जे आपण नुकतंच पाहिलं तेच तो पुन्हा शब्दांत सांगतो. शेवट तिसरा. आणि तो ठरला की पुढचा निर्णय आपोआप होतो: त्यानंतरचं काहीही येणार नाही. तिसरा दिवस गेला, स्नॉर्कलिंग गेलं. धाकटा भाऊ चिडेल. त्याला तीस सेकंदांचं वेगळं रील करून द्या, तो खूश आणि तुमची फिल्म शाबूत.

बाकीचे नातेवाईकही आपापली सेकंदं मोजतातच, हे घरोघरी असतं. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला गाडीतल्या अंताक्षरीचे वीस सेकंद. नऊही जण एकेकदा दिसतात. त्यात आजी खिडकीशी बसून हसतेय, तेही दिसू द्या. जेटीवर तिचा सूर बदलतो हे तरच कळेल.

आता छाटणी. वहीतून ३१ क्लिप्स उरतात, साधारण २२ मिनिटं. त्या क्रमाने लावून फक्त पुढची-मागची टोकं कापलीत की नऊ मिनिटं होतात. हे जाडंभरडं जुळवण बघवत नाही, तसंच असतं ते. इथून तीन-साडेतीन मिनिटांवर यायचं. प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारायचा: हा काढला तर आजीची गोष्ट कळेल का? कळत असेल तर काढा.

याच टप्प्यावर लक्षात येतं की मुख्य क्षणच शूट झालेला नाही. आजी होडीत पाय ठेवते ती क्लिपच नाही, कारण तेव्हा सगळे तिला धरण्यात गुंतलेले होते. हे प्रत्येक घरगुती व्हिडिओत घडतं. महत्त्वाचं काही घडत असताना फोन खिशात असतो. अशा वेळी स्लो मोशन किंवा झगमगीत ट्रान्झिशनने भोक बुजवू नका, आवाज वापरा. जेटीवरच्या चपला दिसत असतानाच पुढच्या क्लिपमधला होडीच्या इंजिनाचा आवाज सुरू करायचा आणि दोन सेकंदांनी चित्र बदलायचं. आजी होडीत बसलेली. पाऊल टाकलेलं दिसलं नाही, पण बघणाऱ्याने ते मनात पाहिलं. आवाज आधी, चित्र नंतर, या जोडणीला एडिटर 'जे कट' म्हणतात. टाइमलाइनवर त्याचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो म्हणून. व्हीएन किंवा डाव्हिन्ची रिझॉल्व्ह, दोन्हींत क्लिपचा आवाज चित्रापासून सुटा करता येतो.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. आजीला आत्ता विचारा. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, व्हॉइस रेकॉर्डर चालू. लिहून काही देऊ नका. 'होडीत चढताना मनात काय आलं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर संपलं असं वाटलं तरी पाच सेकंद थांबा, खरं काय ते बऱ्याचदा त्यानंतर येतं. हा आवाज समुद्राच्या शॉट्सवर ठेवा. बघा, २३ पैकी दोन सूर्यास्त शेवटी कामाला आले.

एक मोह इथे आवरायचा. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वाटीभर सूप ठेवलं तर प्रेक्षकाला त्यात भूक दिसते आणि शवपेटी ठेवली तर दुःख. म्हणजे रूमवर डुलक्या घेणाऱ्या आजीचा चेहरा लाटेशेजारी लावला की ती घाबरलेली दिसेल. होईल, नक्की होईल. पण ही घरातल्या माणसाची खरी गोष्ट आहे. न घडलेली भीती तिच्या चेहऱ्यावर चिकटवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाणं. होडीत आत्या म्हणते, 'बघ, आलाच किल्ला,' आणि आजी म्हणते, 'दरवाजा कुठाय पण?' (सिंधुदुर्गाचा दरवाजा तटबंदीच्या वळणात असा लपलाय की जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, त्यामुळे आजीचा प्रश्न रास्त आहे.) हे वाक्य गाण्याखाली गाडलं गेलं तर फिल्ममधला सगळ्यात जिवंत क्षण गेला. म्हणून कुणी बोलत असताना गाणं नाही. वाऱ्याची घरघर असेल तर साधारण १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर लावा, बोलणं मोकळं होतं. आवाजाच्या आलेखाचे शेंडे सपाट कापल्यासारखे दिसत असतील, तर तो रेकॉर्ड होतानाच फाटलाय. फिल्टरने तो सांधला जात नाही, तिथे वाक्य मराठीत खाली लिहा. आणि आजीचं 'जमायचं नाही' संपताक्षणी कट मारू नका. दोन सेकंद जेटीचा नुसता आवाज राहू द्या.

काकांच्या क्लिप्स उभ्या, बाकीच्या आडव्या. घरच्या टीव्हीवर बघायचं असेल तर फिल्म आडवी ठेवा आणि उभी क्लिप मधोमध, दोन्ही बाजू काळ्या. बाजूंना त्याच चित्राची धूसर झालर लावायची फॅशन आहे, पण नजर तिकडेच जाते.

तीन मिनिटं वीस सेकंदं झाली की ट्रिपला न आलेल्या एखाद्या मित्राला दाखवा. शेजारी बसा आणि तोंडातून एक शब्द काढू नका. 'ही आजी होडीत न बसायचं म्हणत होती ना?' असं त्याने विचारलं तर सुरुवात नीट ऐकूच आली नाही, तिथे मजकूर टाका. त्याचा हात फोनकडे गेला तर घड्याळ बघा. आपल्या उदाहरणात तो किल्ल्यावर, दीड मिनिटाच्या आसपास जाईल, कारण तिथे प्रश्न थांबलेला असतो. किल्ला पन्नास सेकंदांवरून पंचवीसवर आणा.

ग्रुपवर टाकण्याआधी मात्र पहिला प्रेक्षक आजी. एकटीला दाखवा. आपली भीती साठ नातेवाइकांनी बघावी का, हे तिनं ठरवायचं. ती कदाचित म्हणेल, 'ते चपलांचं काढ.' तेव्हा तिला सांगा की त्याशिवाय शेवटचा हात कळणार नाही, आणि मग ती म्हणेल तसं करा.