बोटाची 'नस' कापली जाते तेव्हा : टेंडनची जखम आणि शस्त्रक्रियेनंतरची हालचाल

समजा, गुलमंडीतल्या एका दुकानात काउंटरची काच बदलताना ती फुटली आणि डाव्या अनामिकेच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने, खोल कापले. रक्त थांबले, जखम जेमतेम दीड सेंटिमीटरची. पण बोट सरळच राहते, वळत नाही. आपण म्हणतो, 'नस कापली'. प्रत्यक्षात बहुधा टेंडन, म्हणजे बोट वळवणारी दोरी, कापलेली असते. तिचा स्नायू कोपराखाली असतो. अशा वेळी फक्त कातडीला टाके घालून घरी जाऊ नका.

प्रत्येक बोटात अशा दोन दोऱ्या असतात, अंगठ्यात एक. खोलवरची दोरी टोकाचे पेर वळवते, वरची मधला सांधा. म्हणून डॉक्टर दोन्ही सांधे वेगवेगळे तपासतात आणि बोटाची एखादी बाजू बधिर आहे का, हेही विचारतात, कारण शेजारची मज्जातंतूही कापलेली असू शकते.

जखमेच्या जागेनुसार बोटाच्या टोकापासून हाताच्या पुढच्या भागापर्यंत पाच झोन मानले जातात. आपल्या उदाहरणातला झोन दोन सर्वांत अवघड. तो मधल्या पेराच्या मध्यापासून तळहातावरच्या, बोटांकडच्या आडव्या रेषेपर्यंत असतो. इथे दोन्ही दोऱ्या एकाच अरुंद नळीतून सरकतात. जोड जाड झाला तर अडकतो, नळीला चिकटला तर बोट आखडते.

त्यामुळे शक्यतो पहिल्या काही दिवसांतच, घाटीत असो वा खासगी रुग्णालयात, हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनकडून दोरी जोडून घ्यावी. उशीर झाला तर तिचे टोक तळहाताकडे मागे सरकून आखडते. सर्जन जोडातून धाग्याचे किमान चार पदर नेतात आणि कडेने बारीक टाके घालून जोड गुळगुळीत करतात. एवढी मजबुती हवी, कारण बोट लवकर हलवायचे असते.

साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी थेरपिस्ट हालचाल सुरू करतात. हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट असतो. त्यात बोटे मुळाशी वाकलेली राहतात. आधी दुसऱ्या हाताने बोट हळूच वळवायचे, मग थेरपिस्टने सांगितले तेवढेच स्वतः वळवायचे. दिवसातून अनेकदा, पण जोर न लावता. स्प्लिंट साधारण सहा आठवडे, रात्रीसुद्धा. जड उचलणे बारा आठवड्यांनंतर. 'बोट तर वळतंय' म्हणून तिसऱ्याच आठवड्यात शटर ओढणाऱ्याचा जोड तुटू शकतो. जोड तेव्हा कच्चाच असतो.

काल वळणारे बोट आज अचानक वळेनासे झाले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवा; जोड तुटलेला असू शकतो. दुसऱ्या हाताने पूर्ण वळते पण आपोआप थोडेच वळते आणि हे हळूहळू झाले, तर दोरी चिकटली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा आधी काही महिने थेरपी करतात. त्याने भागले नाही तर चिकटलेली दोरी मोकळी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया करता येते.