टपालात हरवलेला ड्राफ्ट

भाच्याने नागपूरच्या एका कॉलेजला १८,४०० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट स्पीड पोस्टाने पाठवला. दहा दिवस झाले तरी पाकीट पोचलं नाही. ट्रॅकिंग एकाच टपाल केंद्राचं नाव रोज नव्याने दाखवत होतं. त्याचा फोन आला, ''मामा, पेमेंट थांबवायला सांगतो बँकेला.'' म्हटलं, चेक असता तर तेच कर म्हणालो असतो. हा ड्राफ्ट आहे.

चेक म्हणजे आपण आपल्या बँकेला दिलेला हुकूम. पैसे अजून आपल्याच खात्यात असतात, त्यामुळे चेक वटेपर्यंत हुकूम मागे घेता येतो. ड्राफ्टचं तसं नाही. तो काढला त्याच दिवशी पैसे खात्यातून गेलेले असतात आणि कागदावर वचन असतं बँकेचं. ज्याच्या नावाने ड्राफ्ट आहे त्याच्या हातात तो पडला, की काढणाऱ्याच्या सांगण्यावरून बँक आपलं वचन मोडत नाही. ड्राफ्ट वाटेतच गहाळ झाला असेल, तर बँक आपल्या नोंदीत तसा इशारा टाकते, आणि आपण मागायचा असतो डुप्लिकेट ड्राफ्ट.

भाचा ड्राफ्ट काढला त्याच शाखेत गेला. अर्जात ड्राफ्टचा नंबर, तारीख, रक्कम, कॉलेजचं नाव आणि तो कसा हरवला ते लिहिलं. सोबत बँकेची पावती, स्पीड पोस्टाची पावती आणि ड्राफ्ट मिळाला नसल्याचं कॉलेजचं पत्र जोडलं. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवर पाहून सांगितलं, ''अजून वटलेला नाही.'' सगळा जीव या एका वाक्यात असतो. पूर्वी हे विचारायला दुसऱ्या शाखेला पत्र जायचं आणि उत्तराची वाट बघण्यात आठवडे जायचे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे ५,००० रुपयांपर्यंतच्या ड्राफ्टसाठी तर त्या उत्तरासाठी थांबायचंही कारण नाही.

मग आला इंडेम्निटी बाँड, म्हणजे स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र. त्याचा अर्थ इतकाच: मूळ ड्राफ्ट उद्या कुठून उगवला आणि बँकेला दोनदा पैसे द्यावे लागले, तर ती भरपाई मी करीन. किती रुपयांचा स्टॅम्प, जामीन लागतो की नाही, पोलिसांकडची हरवल्याची नोंद हवी का, हे बँकेगणिक बदलतं. पहिल्याच फेरीत विचारून त्यांचाच छापील मसुदा घ्यावा. भाच्याने तो बाहेरच्या टायपिस्टाकडून आपल्या शब्दांत करून नेला आणि एक स्टॅम्प पेपर फुकट घालवला.

अर्ज दिल्यापासून पंधरवड्यात बँकेने डुप्लिकेट द्यायला हवा. उशीर झाला तर त्या मुदतीच्या ठेवीच्या दराने व्याज द्यावं लागतं. दहा दिवस उशीर आणि दर पाच टक्के धरला, तर आपल्या १८,४०० वर हे व्याज होतं जेमतेम पंचवीस रुपये. श्रीमंत कोणी होत नाही, पण अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतलेला असला की शाखेला दिवस मोजावे लागतात. मात्र हा नियम ड्राफ्ट काढणाऱ्याने किंवा ज्याच्या नावाने तो आहे त्याने अर्ज केला तरच लागू होतो. मधेच तिसऱ्याच्या नावे सही करून फिरवलेल्या ड्राफ्टला तो लागत नाही.

चेक हरवला तर घाई जास्त आणि कागद कमी. थांबवण्याचा अधिकार फक्त चेक लिहिणाऱ्याचा. ज्याला तो मिळायचा होता त्याने आपल्या बँकेत जाऊन उपयोग नाही, लिहिणाऱ्याला फोन करावा. लिहिणाऱ्याने मोबाइल ॲपवर किंवा शाखेत चेकचा नेमका नंबर द्यायचा. त्यातला एक आकडा चुकला तर थांबतो भलताच चेक, आणि हरवलेला निवांत वटतो. म्हणून चेकबुकातलं अर्धुक भरायचा कंटाळा करू नये. ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर चालतं आणि सकाळी भरलेल्या चेकचा निकाल संध्याकाळी सातपर्यंत लागतो, तेव्हा 'उद्या बघू' परवडत नाही.

आपण खात्यात भरलेला चेक बँकेकडूनच वाटेत हरवला, तर गोष्ट वेगळी. ते लगेच कळवणं, दुसरा चेक मिळवायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं ही बँकेची जबाबदारी. तुम्हीच धावपळ करा, असं शाखेने म्हटलं तर ऐकून घेऊ नये.

भाच्याला बाराव्या दिवशी डुप्लिकेट मिळाला, मूळ ड्राफ्टऐवजी दिल्याच्या शेऱ्यासह. या वेळी तो स्वतःच रात्रीच्या गाडीने नागपूरला घेऊन गेला. महिन्याभराने जुनं पाकीट घरी परत आलं, पिनकोडचा एक आकडा चुकलेला. आतला ड्राफ्ट तीन महिन्यांच्या मुदतीत होता, पण तो आता कुणीही कुठे भरायचा नव्हता. त्याने तो बँकेत नेऊन दिला. काउंटरवरच्या बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली आणि पोच मागितल्यावर जरा कुरकुरत का होईना, दिली.