येणं किती, आणि किती दिवसांचं?

पुण्याजवळच्या भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे असं समजू. ३१ ऑक्टोबरला त्याची बाजारातली येणी दहा लाख रुपये आहेत. आकडा भक्कम दिसतो, पण त्यातले किती रुपये नोव्हेंबरच्या पगाराला आणि पोलादाच्या खरेदीला कामी येतील, हे त्या एका बेरजेतून कळत नाही. ते कळायला प्रत्येक न आलेल्या बिलाचं वय पाहावं लागतं. मुदत टळून किती दिवस झाले ते मोजायचं आणि बिल त्या-त्या कप्प्यात टाकायचं: १ ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि नव्वदच्या पुढे. मुदत अजून टळलेलीच नाही, अशा बिलांचा कप्पा वेगळा. हिशेबनीस या तक्त्याला ‘एजिंग’ म्हणतात.

आपल्या वर्कशॉपची दहा लाखांची वाटणी अशी निघाली: ४ लाख १० हजारांची मुदत अजून बाकी आहे. २ लाख ६० हजार पहिल्या कप्प्यात, १ लाख ३० हजार दुसऱ्यात, ८२ हजार तिसऱ्यात आणि १ लाख १८ हजारांचं एक बिल नव्वदच्या पलीकडे. म्हणजे जवळपास सहा लाख रुपये आधीच यायला हवे होते.

दिवस मोजायचे ते मुदतीच्या तारखेपासून, बिलाच्या तारखेपासून नाही. १० सप्टेंबरला काढलेली दोन बिलं घ्या. ३१ ऑक्टोबरला दोन्ही ५१ दिवसांची झाली. एका गिऱ्हाइकाला ४५ दिवसांची उधारी दिली होती, त्याला फक्त सहा दिवस उशीर झालाय. दुसऱ्याला पंधरा दिवसांची दिली होती, तो ३६ दिवस मागे आहे. बिलाच्या तारखेने मोजलं, तर दोघंही एकाच कप्प्यात बसतात आणि फोन कुणाला आधी करायचा ते कळत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धती असतात, म्हणून तक्ता हातात आला की तो कोणत्या तारखेवर काढलाय हे पहिल्यांदा विचारावं.

ही मुदत ठरवतानाही एक कायदा लक्षात ठेवावा लागतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यानुसार, माल पुरवणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असूनही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा लांबची मुदत चालत नाही. करारच नसेल तर पंधरा दिवस. गिऱ्हाइकाने ऑर्डरवर नव्वद दिवस छापले असले, तरी अशा वर्कशॉपने आपल्या तक्त्यात ४५च धरावेत. नाहीतर कायद्याने दीड महिना थकलेलं बिल ‘मुदत बाकी’मध्ये बसून राहतं.

कप्पा बदलला की गिऱ्हाइकाकडे विचारायचा प्रश्नही बदलतो. पहिल्या कप्प्यातलं बिल बहुतेकदा कागदावर अडलेलं असतं. ऑर्डर क्रमांक चुकलेला असतो, स्टोअर्सने माल मिळाल्याची नोंद केलेली नसते, किंवा कंपनी महिन्यातून ठरावीक तारखांनाच पैसे सोडते आणि आपलं बिल एका तारखेला चुकलेलं असतं. इथे अकाउंट्स खात्याला एक फोन आणि बिलाची प्रत पुरते. दुसऱ्या कप्प्यात गेलेलं बिल कुणीतरी धरून ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त. भावातला फरक, कमी भरलेले नग, नापास झालेला माल. आता अकाउंट्सला विचारून उपयोग नसतो, खरेदी किंवा गुणवत्ता खात्यातल्या माणसाशी बोलावं लागतं. तिसऱ्या कप्प्यात आल्यावर एकतर वाद आहे, नाहीतर गिऱ्हाइकाकडेच पैसे नाहीत. तेव्हा पुढचा माल उधारीवर सोडायचा का, हे मालकाने स्वतः ठरवायचं आणि बाकी रकमेची सहीनिशी कबुली मागून घ्यायची. वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो, आणि त्या अवधीत मिळालेल्या लेखी कबुलीने ही मुदत नव्याने सुरू होते.

आता नव्वदच्या पलीकडचं ते बिल पाहू. १० जूनचं, एक लाखाचा माल आणि अठरा हजार जीएसटी. मुदत २५ जुलैला संपली. ३१ ऑक्टोबरला ते ९८ दिवस थकलंय. गिऱ्हाइकाच्या गुणवत्ता खात्याने त्यातले काही नग नापास केले होते, पण ते वर्कशॉपला कुणी कळवलंच नाही. तिकडे अकाउंट्स खातं क्रेडिट नोटची वाट पाहत बसलं आणि पुढची सगळी बिलं मात्र वेळेवर देत राहिलं.

घोटाळा होतो तो इथेच. याच गिऱ्हाइकाला २५ ऑगस्टला तेवढ्याच रकमेचं बिल गेलं होतं. त्याचे पैसे ९ ऑक्टोबरला, बरोबर मुदतीला, बँकेत आले. वर्कशॉपच्या हिशेबनिसाने ते ‘जुनं आधी’ या सवयीने जूनच्या बिलासमोर टाकले असते, तर जूनचं बिल तक्त्यातून नाहीसं झालं असतं आणि ऑगस्टचं बिल २२ दिवस उशिराचं दिसलं असतं. एकूण येणं तेवढंच राहिलं असतं. पण नापास मालाचा वाद पहिल्या कप्प्यात, साध्या दिरंगाईच्या वेषात दडला असता. दर महिन्याला असंच होत राहिलं, तर तो कधीच नव्वदपर्यंत पोचत नाही. रक्कम कोणत्याच बिलाला न जोडता टॅलीत `On Account` म्हणून ठेवली, तर उलट होतं: आलेले पैसे एकीकडे पडून राहतात आणि चुकती झालेली बिलं थकलेली दिसतात.

१८७२चा करार कायदा याबाबत स्पष्ट आहे. पैसे कोणत्या बिलाचे हे देणाऱ्याने सांगितलं असेल आणि ते आपण स्वीकारले, तर ते तिथेच लावायचे. त्याने सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही, तरच जुन्यापासून सुरुवात. म्हणून पैसे आले की त्यासोबतची बिलांची यादी मागायची, आणि तीन महिन्यांतून एकदा गिऱ्हाइकाकडचा आपल्या नावाचा खातेउतारा मागवून आपल्या वहीशी बिलवार ताडायचा. बाकी जुळते पण बिलं जुळत नाहीत, असं दिसलं की एजिंगवर विश्वास ठेवू नये.

जूनच्या त्या बिलाची खरी किंमतही समजून घ्यावी. वर्कशॉपने अठरा हजारांचा जीएसटी जुलैतच स्वतःच्या खिशातून सरकारला भरलाय. गिऱ्हाइकाने मात्र त्याच अठरा हजारांचं क्रेडिट घेतलं असणार. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. इथे ती तारीख ७ डिसेंबर. नापास नगांची क्रेडिट नोट लगेच देऊन उरलेली रक्कम मागताना ही तारीख पत्रात लिहिली, तर तिकडचं अकाउंट्स खातं ते पत्र बाजूला ठेवत नाही. तरीही हललं नाही, तर नोंदणीकृत लघुउद्योगाला केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. कायद्याने अशा थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं.

एकाच दिवसाच्या तक्त्यातून ओघ दिसत नाही. त्यासाठी ३० नोव्हेंबरला तोच तक्ता पुन्हा काढून एकच गोष्ट पाहावी: आजच्या पहिल्या कप्प्यातल्या २ लाख ६० हजारांपैकी किती रुपये दुसऱ्या कप्प्यात सरकले. वीस हजार सरकले, तर वसुली चालू आहे. दीड लाख सरकले, तर एकूण येणं दहा लाखच असलं, तरी डिसेंबरचा पगार कुठून द्यायचा याची तजवीज आत्ताच करायला हवी.